आगळाचं गिऱ्हाईक नेमकं कोण?

*प्रश्न: मी एमएमएसच्या पहिल्या वर्षाला आहे. कुडाळ तालुक्यात आईचा बचत गट दर मे महिन्यात साधारण ३००० लिटर कोकम आगळ करतो. बरंचसं सुटं व्यापाऱ्याला जातं, थोडं बाटल्यांत भरून प्रदर्शनात विकतो. मार्केटिंगच्या प्रोजेक्टसाठी मी हेच उत्पादन घेतलं. सेगमेंट लिहिला : '२० ते ४५ वयाचे, शहरी, मध्यमवर्गीय, आरोग्याबाबत जागरूक ग्राहक'. पोझिशनिंग लिहिलं : 'शुद्ध, नैसर्गिक, पारंपरिक कोकणी चव'. सरांनी दोन्हीवर काट मारली आणि 'हे कशालाही लागू पडेल' एवढंच लिहून वही परत दिली. पुस्तकातल्या पायऱ्या तर मी पाळल्या होत्या. चुकलं कुठे? — एक विद्यार्थिनी, सिंधुदुर्ग*

सरांचा शेरा तोकडा असला तरी बरोबर आहे. तुमच्या वाक्यातून 'आगळ' काढून 'नाचणीची बिस्किटं' घाला, काही बिघडत नाही. याचं कारण असं की तुम्ही माणसांचं वर्णन केलंत, पण ती माणसं आगळ कशासाठी घेतात हे विचारलंच नाहीत. त्यामुळे पायऱ्या पाळूनही पाय जमिनीला लागले नाहीत. सेगमेंटेशन, टार्गेटिंग आणि पोझिशनिंग या तीनही पायऱ्या याच आगळावर पुन्हा करून पाहू.

वेंडेल स्मिथ यांनी १९५६ साली सेगमेंटेशनची कल्पना मांडली. तिचं मर्म असं, की सगळ्यांची मागणी एकाच मालाकडे वळवत बसण्यापेक्षा बाजारात मुळातच वेगवेगळ्या असलेल्या मागण्या ओळखाव्यात आणि माल त्यांच्या मापाचा करावा. म्हणजे वेगळेपण आधी मागणीत असायला हवं. वय आणि उत्पन्न हे त्या वेगळेपणाचे केवळ अंदाज असतात. सोन्याच्या दागिन्यांसाठी उत्पन्न हा अंदाज बरा चालतो. आगळाच्या बाबतीत तो जवळजवळ निरुपयोगी आहे. लाखभर पगाराचा मालवणी माणूस गावाहून आलेलं आगळ फुकट वापरतो आणि त्याचा तेवढ्याच पगाराचा नागपूरकर शेजारी आगळ हा शब्दही ऐकून नसतो. वय एक, उत्पन्न एक, शहर एक, आणि तरी आगळाच्या बाजारात दोघं दोन टोकांना.

म्हणून वापरापासून सुरुवात करा. आगळ हे खारवलेल्या रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, घट्ट रस. ते कुणी नुसतं पीत नाही, त्याचं काहीतरी करावं लागतं आणि बहुतेक वेळा ती सोलकढीच असते. (थंड सरबत हवं असलेला माणूस साखरेतलं अमृत कोकम घेतो. तो तुमच्या बाजारात नाहीच, त्याला आधी बाजूला करा.) आता तीसेक जणांना भेटा: दहा हॉटेलं आणि खानावळी, वीस घरं. 'आमचं आगळ विकत घ्याल का?' हा प्रश्न चुकूनही विचारू नका. तोंडावर नाही म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही आणि तुमच्या तक्त्यात ऐंशी टक्के होकार जमतात, ज्यांची किंमत शून्य असते. त्याऐवजी घडून गेलेलं विचारा: मागच्या वेळी सोलकढी कधी केलीत, कशाने केलीत, ते कुठून आणलं, किती घातलं आणि काय बिघडलं? शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे.

उत्तरं लिहून काढली की साधारण चार गठ्ठे पडलेले दिसतील. पहिला हॉटेलांचा. रोज टोपभर सोलकढी करायची, कधी मालकाने कधी मदतनिसाने. दुसरा मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांचा. मे महिन्यात किंवा गणपतीला गावी गेलं की बाटली भरून आणायची. आगळ त्यांना कळतं, पण पैसे मोजायची सवय नाही. तिसरा गठ्ठा हॉटेलात सोलकढी पिऊन घरी करून बघणाऱ्यांचा. यांना प्रमाण माहीत नसतं आणि 'खारट झाली' हीच त्यांची मुख्य तक्रार. चौथा मालवण, गणपतीपुळ्याला आलेल्या पर्यटकांचा, जे भेट म्हणून काहीतरी कोकणातलं नेतात आणि बॅगेत बाटली गळू नये एवढीच त्यांची चिंता असते.

हे चार खरोखर चार सेगमेंट आहेत की एकाच गोष्टीची चार नावं, हे तपासायची कसोटी सोपी आहे. प्रत्येकासाठी माल, किंमत, विक्रीची जागा आणि सांगायची गोष्ट लिहून काढा. दोन गठ्ठ्यांच्या चारही नोंदी सारख्याच आल्या तर ते दोन नाहीत, एकच आहे. इथे हॉटेलाला ५ लिटरचा कॅन आणि उधारी लागते, नवशिक्या घराला २०० मिलीची बाटली आणि पाठीमागे छापलेलं प्रमाण लागतं, पर्यटकाला न गळणारं झाकण आणि देखणं खोकं. म्हणजे विभागणी खरी आहे. तुमच्या '२० ते ४५' आणि समजा '४५ ते ६०' या दोन गटांवर हीच कसोटी लावून पाहा, दोन्हीकडे तेच उत्तर येईल.

टार्गेटिंगमध्ये बहुतेक प्रोजेक्ट घाईने एक वाक्य लिहून पुढे जातात. खरं तर इथे कागद-पेन्सिल घेऊन बसायचं असतं. पुढचे आकडे गणित कसं मांडायचं ते दाखवण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे खरे आकडे गटाच्या वहीतून घ्या. कर बाजूला ठेवला आहे.

एक लिटर सोलकढीला ८० मिली आगळ लागतं असं धरू. रोज १० लिटर सोलकढी करणाऱ्या हॉटेलाला दिवसाला ८०० मिली, महिन्याच्या २५ दिवसांना २० लिटर. श्रावणात मासे-मटणाच्या थाळ्या कमी उठतात आणि सोलकढीही त्यांच्याबरोबर बसते, शिवाय इतर उपास-तापास आहेत, म्हणून बाराऐवजी दहाच महिने मोजा. वर्षाला २०० लिटर. म्हणजे गटाचं सगळं ३००० लिटर आगळ फक्त १५ हॉटेलं संपवतात.

आता नवशिक्यांची घरं पाहा. महिन्यातून दोनदा, दर वेळी अर्धा लिटर सोलकढी. एका वेळी ४० मिली, महिन्याला ८०, वर्षाला जेमतेम एक लिटर, म्हणजे २०० मिलीच्या पाच बाटल्या. तेच ३००० लिटर खपवायला ३००० घरं लागतील, आणि तीही वर्षभर पुन्हापुन्हा घेणारी.

आता दर लिटरमागे हातात काय उरतं ते बघू. आगळाचा उत्पादनखर्च लिटरला ७५ रुपये धरा. हॉटेलाला १२० रुपये लिटरने दिलं, कॅनचे ८ आणि वाहतुकीचे १० गेले, तर २७ रुपये उरतात. किरकोळ बाटलीची छापील किंमत १०० ठेवली तर दुकानदाराचे २५ आणि वितरकाचे ८ जाऊन ६७ येतात. त्यातून आगळाचे १५, बाटली-झाकण-लेबल-खोक्याचे १६, वाहतुकीचे ५, फुटतूट आणि परत आलेल्या मालाचे ३, चव देण्यासाठी आणि जाहिरातीसाठी १२. एकूण ५१ गेले, १६ उरले. बाटली २०० मिलीची, म्हणजे लिटरला ८० रुपये.

इथे मोह पडतो. ८० कुठे आणि २७ कुठे! वर्गातला अर्धा भाग इथेच घरांकडे वळतो. पण सेगमेंटचा आकर्षकपणा दर लिटरच्या नफ्यावर ठरत नाही. दर लिटरचा नफा गुणिले तुम्ही प्रत्यक्ष पोचू शकाल तेवढे लिटर, असा तो हिशेब आहे. पहिल्या वर्षी कुडाळ, कणकवली, सावंतवाडी या पट्ट्यात ८ हॉटेलं धरणं एका कार्यकर्तीला जमण्यासारखं आहे. १६०० लिटर गुणिले २७ म्हणजे ४३,२०० रुपये. तेवढेच पैसे घरांतून काढायचे तर ४३,२०० भागिले ८०, म्हणजे ५४० घरं लागतील, जी पुण्या-मुंबईत विखुरलेली आहेत आणि ज्यांच्या जवळच्या दुकानातल्या फळीवर तुम्हाला आधी जागा मिळवायची आहे. गटाकडे ना तिथे माणूस आहे ना वितरक. पुस्तकात ज्याला पोचण्याजोगा सेगमेंट म्हणतात त्याचा अर्थ एवढाच: उद्या सकाळी एसटी पकडून त्या गिऱ्हाइकाच्या दारात जाता येतं का?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिला टार्गेट हॉटेलं. तेही सगळी नाहीत. किनाऱ्यावरची, तारकर्ली-देवबागसारख्या ठिकाणची हॉटेलं दिवाळी ते मे भरून वाहतात आणि पावसाळ्यात ओस पडतात. त्यांच्यासाठी दहा महिन्यांचं गणित खोटं ठरेल. तालुक्याच्या गावातली, बाजारपेठेतली, महामार्गावरची खानावळ पावसातही चालते. सेगमेंटच्या आत हा आणखी एक छेद घ्या आणि बारमाही हॉटेलं निवडा.

निवडीची किंमतही प्रोजेक्टमध्ये लिहा, नाहीतर ती निवड वाटत नाही. हॉटेलं ४५ दिवसांची उधारी मागतात असं धरलं, तर ८ हॉटेलांचा महिन्याचा माल १६० लिटर, १२० दराने १९,२०० रुपये, दीड महिन्याचे २८,८०० रुपये कायम बाहेर अडकलेले. एवढं खेळतं भांडवल गटाकडे आहे का? दुसरं म्हणजे एक हॉटेल सुटलं की एका फटक्यात २०० लिटर परत. उरलेले १४०० लिटर पहिल्या वर्षी व्यापाऱ्यालाच जाऊ द्या. सगळा माल नव्या सेगमेंटवर ओतणं हे धाडस नाही, चुकलेला हिशेब आहे.

आता पोझिशनिंग. १९७२ मध्ये अल रीझ आणि जॅक ट्राउट यांनी हा शब्द गाजवला तेव्हा त्यांचा रोख गिऱ्हाइकाच्या डोक्यातल्या जागेवर होता. त्या डोक्यात आधीपासून कुणीतरी बसलेलं असतं. तेव्हा पहिला प्रश्न 'आम्ही कसे आहोत' हा नसून 'आम्ही नसताना हा काय वापरतो' हा आहे. हॉटेलात याची उत्तरं तीन: आमसुलं रात्रभर भिजत घालून कोळणं, बाजारातलं सुटं आगळ, किंवा तयार पावडर. या तिघांशी तुमची तुलना होणार आहे, मुंबईच्या दुकानातल्या सरबतांशी नव्हे.

'शुद्ध, नैसर्गिक, पारंपरिक' का चालत नाही ते इथे कळतं. भिजवलेली आमसुलं शुद्धही आहेत, नैसर्गिकही आणि तुमच्या आगळाइतकीच पारंपरिकही. ज्या गुणात प्रतिस्पर्धी तुमच्याइतकाच आहे तो गुण असावा लागतो, पण तो निवडीचं कारण होत नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाचं भौगोलिक मानांकनही तसंच. नोंदणीकृत वापरकर्ता झालात तर त्याचा मान जरूर मिरवा, पण दोन जिल्ह्यांतला प्रत्येक नोंदणीकृत उत्पादक ते लावू शकतो, त्यामुळे शेजारच्या गटापासून ते तुम्हाला वेगळं करत नाही. आणि 'पित्तावर रामबाण' असलं काही लेबलवर छापायच्या फंदात पडू नका. खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असा दावा करायला अन्नसुरक्षा कायद्याची परवानगी नाही.

मग वेगळं काय? तुमच्या मुलाखतीतल्या 'काय बिघडलं' या प्रश्नाकडे परत जा. आचारी बहुधा सांगेल की सुट्या आगळाचा प्रत्येक डबा वेगळा निघतो, एक खारट, पुढचा आंबट. हे का होतं ते गटातल्या बायकांना ठाऊक आहे. रातांब्यांवर मीठ हाताच्या अंदाजाने पडतं, पहिल्या तोडणीचं फळ आणि पावसाच्या तोंडावर पाणी धरलेलं फळ सारखं नसतं, आणि जे पिंप आधी हाताला लागेल ते आधी भरलं जातं. आचारी रोजच्या सवयीने ८० मिली घालतो आणि सोलकढी खारट होते. तेव्हा वाया काय जातं? आगळ नव्हे, नारळ! लिटरला दोन नारळ धरले तर १० लिटरच्या टोपात वीस नारळांचं दूध असतं. हॉटेलच्या मालकाचं खरं नुकसान तिथे आहे.

हे एकदा दिसलं की पोझिशनिंगचं वाक्य आपोआप तयार होतं: 'रोज सोलकढी करणाऱ्या बारमाही हॉटेलांसाठी आमचं आगळ असं आहे, की कुणीही मापाने घातलं तरी सोलकढीची चव रोज तीच येते, कारण प्रत्येक कॅनमधलं मीठ आणि आंबटपणा मोजून सारखा केलेला असतो.' यात गिऱ्हाईक आहे, तुलना कुणाशी ते सूचित आहे, फायदा आहे आणि शेवटी 'कारण' आहे. ते 'कारण' खोटं असेल तर बाकीचं वाक्य चौथ्या कॅनला कोसळेल.

म्हणून पोझिशनिंगचं अर्धं काम लेबलवर नाही, पिंपांपाशी होतं. फळ आणि मीठ दोन्ही वजनाने घ्यावं लागेल. प्रत्येक पिंपावर तारीख आणि मिठाचं वजन लिहावं लागेल. भरण्याआधी चार-पाच पिंपांचं आगळ एकत्र मिसळून मगच कॅन भरावे लागतील, म्हणजे उन्नीस-बीस फरक आपसांत जिरतो. मीठ आणि आम्लता प्रयोगशाळेत तपासून घ्या, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात चौकशी करून पाहा. आम्लता कोणत्या पद्धतीने मोजणार तेही तपासणाऱ्याला विचारा: आगळाचा रंग मुळात लाल, त्यामुळे थेंबाथेंबाने अल्कली घालत रंग बदलला की थांबायचं या नेहमीच्या पद्धतीत थांबायची जागा दिसत नाही. नमुना भरपूर पातळ करावा लागतो किंवा पीएच मीटर वापरावा लागतो. आणि 'कमी मीठ' हा वेगळेपणा म्हणून विकायचा विचार कुणी सुचवला तर थांबवा. आगळ टिकतं ते मिठावर. मीठ बेताबाहेर कमी केलं की ते फसफसतं किंवा त्यावर बुरशी धरते, आणि तो कॅन तुमचं नाव घेऊनच परत येतो.

पर्सेप्च्युअल मॅप, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनात कोणता माल कुठे बसतो ते दोन अक्षांवर दाखवणारा नकाशा, काढायला सांगितला असेल तर 'किंमत' आणि 'दर्जा' हे अक्ष घेऊ नका. महाग ते चांगलं असं लोक धरून चालतात, त्यामुळे सगळे ठिपके एका तिरक्या रेषेवर येतात आणि नकाशा काहीच सांगत नाही. एका अक्षावर 'चव रोज सारखी की बदलती' आणि दुसऱ्यावर 'तयारीला वेळ किती' घ्या. भिजवलेली आमसुलं जास्त वेळेकडे जातील, सुटं आगळ कमी वेळ पण बदलत्या चवीकडे. पावडर सारख्या चवीची आणि झटपट, म्हणजे ती तुमच्या अगदी शेजारी येईल. मग तिच्यापासून वेगळं काय, हा प्रश्न उभा राहील आणि तिथे मात्र 'खऱ्या रातांब्याचा रस' हे बोलणं कामाला येईल. जो गुण आमसुलांसमोर पोकळ होता तोच पावडरीसमोर वजनदार ठरतो.

या वाक्यावरूनच बाकीचे निर्णय निघतात. ५ लिटरच्या कॅनबरोबर ८० मिलीची खूण असलेलं माप द्या, कॅनवर बॅच क्रमांक टाका. भेट मालकाची घ्या, पण चव आचाऱ्याला द्या. पैसे पहिला देतो, पण 'हे नको' दुसरा म्हणतो. किंमतही इथेच ठरते. दर १२० वरून १३५ केला तर लिटरमागे १५ रुपये वाढले. एक लिटर सोलकढीत ते पडतात १ रुपया २० पैसे, १५० मिलीच्या पेल्यात १८ पैसे. वीस नारळ वाचवायचे असतील तर पेल्यामागे १८ पैसे मालकाला जड नाहीत, आणि १६०० लिटरवर गटाला २४,००० रुपये जास्त मिळतात. हे गणित मालकासमोर त्याच्याच बिलबुकावर करून दाखवा.

पोझिशनिंग लागू पडलं की नाही हे कसं ओळखायचं, तेही अहवालात लिहा. तीन महिन्यांनी आचाऱ्याला विचारा, 'हेच आगळ का घेता?' 'स्वस्त पडतं' असं उत्तर आलं तर जागा मिळालेली नाही, उद्या कुणी दोन रुपये कमी केले की तो जाईल. 'मापाने घालता येतं' असं तो स्वतःहून म्हणाला तर मिळाली. आणि प्रत्येक हॉटेलच्या नावापुढे कॅन कधी गेला याची तारीख ठेवा. रोजचे ८०० मिली म्हणजे ५ लिटरचा कॅन सहा-सात दिवसांत संपायला हवा. श्रावण नसताना, गल्ला तेवढाच असताना ही मुदत दहा-बारा दिवसांवर गेली, तर तो तुमच्या कॅनमध्ये दुसऱ्याचं सुटं आगळ मिसळतो आहे असं समजा आणि त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात जाऊन त्याच्या टोपातली सोलकढी चाखा.